चौकटीबाहेर राहिलेली बोटं

तिने बूट काढले, मोजे काढले आणि उजवा पाय तपासणीच्या स्टुलावर ठेवला. मग पर्समधून फोन काढून माझ्यासमोर धरला.

"मॅडम, हा माझाच पाय आहे ना?"

फोनवर माझीच पोस्ट होती. दोन फोटो शेजारी शेजारी. डावीकडच्या फोटोत नडगीवर तळहाताएवढा पांढरा डाग, उजवीकडच्या फोटोत त्याच जागी जवळजवळ पूर्ण भरलेली त्वचा. खाली मीच लिहिलेला मजकूर होता: "पंचविशीतली शिक्षिका, परळ. नऊ महिन्यांच्या उपचारांनंतर. कोड बरं होतं, फक्त धीर हवा."

मी दादरला त्वचारोगांची प्रॅक्टिस करते, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. पोस्ट लिहिताना मी काळजी घेतली होती, अशी माझी पक्की समजूत होती. नाव नव्हतं, चेहरा नव्हता आणि पहिल्याच भेटीत तिची फॉर्मवर सही घेतलेली होती. पण डागाच्या खालच्या टोकाला लहानपणच्या टाक्यांची एक खूण होती, आणि ती माझ्या नजरेतून सुटली होती. डॉक्टरच्या नजरेला डाग दिसतो, त्याच्या कडा दिसतात. टाक्यांच्या खुणेकडे मी कशाला बघणार?

बघितलं ते तिच्या शाळेतल्या एका बाईंनी. आदल्या वर्षी जुलैत शाळेच्या गल्लीत पाणी भरलं होतं, तेव्हा दोघी बूट-चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यातून चालत आल्या होत्या. सलवार वर खोचलेली होती. त्या एका संध्याकाळी बाईंनी तो पाय पाहिला होता. आई आणि मावशी सोडून दुसऱ्या कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट त्यांना तेव्हा कळली आणि त्यांनी ती वर्षभर चांगुलपणाने स्वतःजवळच ठेवली. पुढे पोस्ट फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आली. त्यांना मनापासून आनंद झाला आणि त्यांनी ती शाळेच्या ग्रुपवर टाकली: "आपल्या अमुक मॅडमना बघा किती छान फरक पडलाय!"

दुष्टपणा कोणाच्याच मनात नव्हता, हे मला आजही सगळ्यात जास्त टोचतं.

ती रडली नाही, चिडलीही नाही. पायाकडे बघत एवढंच म्हणाली, "आणि मॅडम, बोटं कुठे गेली?"

मी फोटोकडे पाहिलं. घोट्याच्या वर फोटो कापलेला होता. तिच्या पायाच्या बोटांची टोकं नऊ महिन्यांपूर्वी पांढरी होती आणि त्या दिवशीही तितकीच पांढरी होती. नडगी भरली होती, बोटं जराही भरली नव्हती. मी फोटो कापला तेव्हा मनाशी म्हटलं होतं की जेवढं कमी दिसेल तेवढी ओळख झाकली जाईल. ओळख तर झाकली गेली नाहीच, झाकला गेला तो उपचारांचा अर्धा निकाल.

त्या दिवसापासून या दोन चुका मला वेगळ्या वाटत नाहीत. रुग्णाची ओळख उघडी पडणं आणि उपचारांचा दावा फुगवणं या दोन्ही गोष्टी त्या एका फोटोत, एकाच कापण्याने झाल्या होत्या.

आधी ओळखीबद्दल लिहिते, कारण तिथे आम्हा डॉक्टरांचा एक मूलभूत गैरसमज आहे. नाव काढलं, डोळ्यांवर काळी पट्टी मारली की झालं, असं आम्हाला शिकवल्यासारखंच असतं. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी समिती आहे तिने आपल्या शिफारशींत स्पष्टच म्हटलं आहे की डोळे झाकणं पुरेसं नाही. आपल्याकडे डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. ओळख पटू शकेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो किंवा केस त्याच्या परवानगीशिवाय छापू नये, ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही, असं ते सांगतात. वाचायला सोपं आहे. पण ओळख पटू शकेल ती कोणाला, हा प्रश्न उरतोच. अंधेरीच्या अनोळखी माणसाला तो पाय कोणाचा हे कधीच कळलं नसतं. रुग्णाला मात्र अनोळखी माणसाची भीती नसतेच. त्याला भीती असते ती शेजारच्या खोलीची, स्टाफरूमची, होणाऱ्या सासरची. आणि नेमकी हीच माणसं अशी असतात की ज्यांना नावाची गरज लागत नाही. परळ, शिक्षिका, पंचविशी, पायावर डाग. एकेक तपशील हजारोंना लागू पडतो, पण चारही एकत्र आले की शाळेच्या त्या स्टाफरूममध्ये एकच माणूस उरतो.

त्यात आमच्या विषयात एक जास्तीची अडचण आहे. कोडाच्या डागाचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो, किनाऱ्याच्या नकाशासारखा. ज्याने तो एकदा नीट पाहिला आहे तो पुन्हा ओळखतो. म्हणजे चेहरा झाकून उपयोग नाही, कारण तो डागच त्या माणसाचा चेहरा झालेला असतो.

आणि ती सही? आमच्या फॉर्मवर छापलेलं होतं, "उपचारांच्या नोंदीसाठी व शैक्षणिक कारणासाठी छायाचित्रे घेण्यास माझी संमती आहे." मी तिला विचारलं की शैक्षणिक म्हणजे तुला काय वाटलं होतं. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही कॉलेजमध्ये शिकवता, तिथल्या मुलांना दाखवाल." तिने सही केली होती ती वर्गातल्या चाळीस विद्यार्थ्यांसाठी. मी ती सही पोस्ट टाकण्यासाठी वापरली, जिथून फोटो कुठवर जाईल हे माझ्याही हातात राहिलं नाही. मी त्याच दुपारी पोस्ट काढून टाकली, पण ग्रुपवर गेलेला फोटो मी कसा परत आणणार होते?

आता आमच्याकडे नोंदीसाठी वेगळी सही आहे आणि डॉक्टरांच्या बैठकीत दाखवण्यासाठी वेगळी. सार्वजनिक पोस्टसाठी मी सही मागतच नाही. उपचार चालू असलेला माणूस आपल्या डॉक्टरला "नाही" म्हणू शकत नाही, किंवा म्हणताना त्याला फार जड जातं. तुझा फोटो टाकू का असं मी विचारलं की समोरच्याच्या मनात पहिला विचार येतो, नाही म्हटलं तर मॅडमना वाईट वाटेल का? असं मिळालेलं "हो" मला वापरायचं नाही.

आता दाव्याबद्दल.

लोकलच्या डब्यात दाराजवळ चिकटवलेले ते छोटे कागद सगळ्यांनी पाहिले आहेत: मूळव्याध, कोड, मूल न होणं, खात्रीशीर इलाज, खाली फोन नंबर. अशा जाहिरातींविरुद्ध १९५४ साली कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात ५४ आजारांची यादी आहे आणि त्यांवर इलाज करतो किंवा ते बरे करतो अशी औषधाची जाहिरात करायला मनाई आहे. मधुमेह, कर्करोग, अपस्मार यांच्याबरोबर कोडही त्या यादीत आहे. माझी पोस्ट जाहिरात होती की शिक्षण, हा वाद वकील घालतील. मी मात्र ती यादी पुन्हा वाचली, आणि "कोड बरं होतं" हे माझं वाक्य त्या डब्यातल्या कागदावर जसंच्या तसं शोभलं असतं हे माझ्या लक्षात आलं.

खरं काय आहे ते सांगते, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीकडून मारल्या जातात. हा संसर्ग नाही आणि हा महारोगही नाही. उपचारांनी आधी नवे डाग येणं थांबवायचं असतं, मग गेलेला रंग परत आणायचा असतो. हा रंग येतो कुठून? मुख्यतः केसांच्या मुळांतून. वरच्या त्वचेतल्या रंगपेशी संपल्या तरी केसाच्या मुळाशी त्यांचा थोडा साठा शिल्लक राहिलेला असतो. मलमं आणि ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांचे शेक, म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा मशीनसमोर उभं राहून घ्यायचा प्रकाशोपचार, यांमुळे त्या पेशी जाग्या होतात आणि वर सरकतात. तीन-चार महिन्यांनी पांढऱ्या डागाच्या मधोमध, प्रत्येक केसाभोवती खसखशीएवढे तपकिरी ठिपके दिसू लागतात. मग ठिपके वाढतात, एकमेकांना मिळतात. पेशंट म्हणतात, "मॅडम, डाग भरतोय." यापेक्षा नेमका शब्द मला कोणत्याही पुस्तकात मिळालेला नाही.

यातूनच बोटांचं उत्तर मिळतं. बोटांच्या टोकांना केस नसतात, ओठांनाही नसतात. जिथे साठाच नाही तिथे भरणार कुठून? चेहरा आणि मान सहसा चांगली भरते, हाता-पायांची टोकं फार हट्टी असतात. डागातले केसच पांढरे झाले असतील तर ती जागाही अवघड, कारण मुळातला साठाही संपलेला असतो. सहा महिने नेमाने प्रकाशोपचार केल्याशिवाय लागू पडला की नाही हे ठरवू नये, असं आम्ही सांगतो. मुंबईत आठवड्यातून दोनदा नोकरी सांभाळून सहा महिने दवाखान्यात येणं म्हणजे काय, हे कल्याणहून येणाऱ्या पेशंटला विचारा. निम्म्यात सोडणारे बरेच असतात आणि त्यांचे फोटो कोणाच्याही पोस्टमध्ये नसतात. शिवाय भरलेला डाग भरलेलाच राहील असं नाही. उपचार थांबवले की पहिल्या वर्षात शंभरातल्या साधारण चाळीस जणांचे डाग पुन्हा डोकं वर काढतात, म्हणून पुढेही आठवड्यातून दोनदा मलम चालू ठेवायला सांगावं लागतं.

इतकं सगळं खरं असताना "बरं होतं" हे वाक्य कुठे बसतं? माझे दोन फोटो तर त्या वाक्याहूनही मोठा दावा करत होते. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवले की खाली काहीही लिहा, बघणारा त्यातून एकच अर्थ घेतो: माझंही असंच होईल. खाली "प्रत्येकाचा परिणाम वेगळा असू शकतो" असं बारीक अक्षरांत लिहून तो अर्थ पुसला जात नाही.

फोटो खोटा नसला तरी फसवू शकतो, याचं एक उदाहरण मुंबईकरांना लगेच पटेल. चेहऱ्यावर डाग असलेल्या पेशंटचा फोटो मे महिन्यात काढा. उन्हाने आजूबाजूची त्वचा रापलेली असते, डाग पांढराशुभ्र उठून दिसतो. त्याच माणसाचा फोटो ऑगस्टच्या अखेरीस काढा. दोन महिने ढगाळ गेलेले असतात, रापलेपण उतरलेलं असतं, डाग फिका वाटतो. मधल्या काळात त्याने एकही मलम लावलेलं नसलं तरी दोन फोटोंत सुधारणा दिसते. म्हणून आम्ही नोंदीचे फोटो एकाच जागी, एकाच प्रकाशात काढतो आणि अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्प या अतिनील किरणांच्या दिव्याखाली डाग पुन्हा बघतो. त्या निळसर उजेडात खरा डाग चमकतो आणि रापलेपणाचा गोंधळ होत नाही. ते फोटो फाइलमध्ये राहतात. उपचार कुठवर आले हे कळायला त्यांची गरज असते, पण ती गरज माझी आणि पेशंटची.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम काढले होते. बऱ्या झालेल्या रुग्णांचे फोटो आणि प्रभावी निकाल दाखवणारी चित्रं समाजमाध्यमांवर टाकू नयेत, असं त्यांत होतं. इतर कारणांवरून गदारोळ झाला आणि २३ ऑगस्टला ते नियम स्थगित झाले. माझ्यापुरता तो एक नियम मी स्थगित केला नाही.

मग लिहायचं काय? काही महिने मी काहीच लिहिलं नाही. नंतर लक्षात आलं की माझ्याकडे पेशंटच्या गोष्टींपेक्षा पेशंटचे प्रश्न कितीतरी जास्त आहेत, आणि प्रश्न कोणा एकाचा नसतो. "मासे खाऊन वर दूध प्यायलं म्हणून झालं का?" हा प्रश्न मला वरचेवर कोणीतरी विचारतं. त्याचं उत्तर नाही असं आहे, आणि ते सांगायला कोणाचाही पाय दाखवावा लागत नाही. आता मी वहीत प्रश्न लिहून ठेवते. निदान दहा वेगळ्या पेशंटनी तोच प्रश्न विचारला असेल तरच त्यावर लिहिते, आणि ज्या आठवड्यात विचारला गेला त्या आठवड्यात कधीच लिहीत नाही. सकाळी येऊन गेलेल्या माणसाने रात्री माझी पोस्ट वाचली आणि त्याला वाटलं की हे माझ्याबद्दलच आहे, तर पुढच्या वेळी तो मला अर्धंच सांगेल.

फोटोंच्या जागी मी चित्रं काढते. माझा हात काही चित्रकाराचा नाही, पण तपकिरी पेन्सिलीने त्वचेचा उभा छेद, त्यात केसाचं मूळ आणि मुळाशी चार ठिपके एवढं जमतं. शेजारी बोटाच्या टोकाचं चित्र काढते, त्यात केस नाही आणि ठिपकेही नाहीत. पायाचा फोटो टाकून मी जे सांगू शकले नव्हते ते या दोन चित्रांत सांगता आलं: एका जागी का भरतं आणि दुसऱ्या जागी का भरत नाही. पहिल्यांदा ते चित्र टाकलं त्यानंतर एक गृहस्थ ओठावरचा डाग दाखवायला आले. खुर्चीत बसतानाच म्हणाले, "माझ्या जागेला केस नाहीत, म्हणजे वेळ लागणार ना?" दोन ठिकाणी खात्रीशीर इलाजाचे पैसे भरून झाल्यावर ते माझ्याकडे आले होते. आम्ही थेट त्यांच्याजवळ असलेल्या पर्यायांबद्दल बोलू शकलो: डाग वर्षभर वाढला नसेल तर दुसरीकडची त्वचा किंवा रंगपेशी तिथे बसवण्याची शस्त्रक्रिया, तिच्या मर्यादा, आणि काहीही न करता राहणं हासुद्धा एक पर्याय.

एखादी केस सांगितल्याशिवाय मुद्दा कळतच नाही असंही कधी होतं. तेव्हा मी आधी स्वतःला विचारते, वैद्यकाला यातलं काय लागतं? डाग केस असलेल्या जागी आहे की नसलेल्या, किती महिने स्थिर आहे, उपचार किती काळ झाले, हे लागतं. गाव, नोकरी, लग्न ठरलंय की नाही, हे लागत नाही. ते वाचकाला गोष्टीत ओढण्यासाठी लागतं, आणि मी परळची शिक्षिका लिहिलं होतं ते त्यासाठीच. जे लागत नाही ते काढून टाकते. जे लागतं ते कधीच बदलत नाही, नाहीतर लपवता लपवता मी खोटं वैद्यक सांगून बसेन.

आभार मानणाऱ्या पेशंटना उत्तर देतानाही तीच सवय लावून घ्यावी लागली. कोणी उघडपणे लिहितं, "मॅडममुळे माझा डाग गेला." आनंद होतो, नाही असं नाही. पण "मलम चालू ठेवा हं" असं मी खाली लिहिलं तर हा माणूस माझा पेशंट आहे आणि त्याला हा आजार आहे या दोन्हींवर मी शिक्का मारलेला असतो. त्याने स्वतः सांगितलं तो त्याचा हक्क. मी दुजोरा देणं हा माझा हक्क नाही. मी फोन करते.

आता तुमच्या मनात आलं असेल की मग ही सगळी गोष्ट मी इथे कशी लिहिली. हा लेख मी तिला आधी वाचून दाखवला. तिचे उपचार संपून बराच काळ झाला आहे, आता ती माझ्याकडे औषधासाठी येत नाही, आणि नको म्हणालीस तर हा लेख मी फाडून टाकेन असं मी तिला सांगितलं होतं. ती शिक्षिका नाही, परळची नाही. पाणी भरलेली गल्ली आणि टाक्यांची खूण यांच्या जागी दुसरंच काही होतं, आणि त्या जुन्या पोस्टचा मजकूरही मी इथे त्याप्रमाणे बदलला आहे. पाय होता की हात, हेही मी सांगणार नाही. एक जागा केसांची होती आणि भरली, एक बिनकेसांची होती आणि भरली नाही, आणि यात नऊ महिने गेले, एवढं मात्र जसंच्या तसं आहे.

दादरच्या दवाखान्यात शेवटचा पेशंट गेल्यावर ती समोर बसली आणि मी वाचत गेले. दोन ठिकाणी तिने मला थांबवलं. एक शब्द बदलायला लावला, एक वाक्य काढायला लावलं. सुरुवातीचा प्रसंग जरा जास्तच उघडा वाटतोय का, तोही काढू का, असं मी विचारलं.

"तो असू दे मॅडम," ती म्हणाली. "या वेळी बोटं आहेत त्यात."